तीन संकटे, तीन म्हणी
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



सहावी-सातवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास समोर येते. प्रश्न असतो, ‘पुढील म्हणीचा वाक्यात उपयोग करा.’ म्हण असते ‘नाचता येईना अंगण वाकडे’. मुलगा लिहितो, “माझे काका मला म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडे.” वाक्य शुद्ध आहे, म्हणही चुकलेली नाही. तपासणारा क्षणभर थांबतो आणि गुण देऊन मोकळा होतो.

आता त्या वाक्यातील म्हण काढून तिच्या जागी ‘दुरून डोंगर साजरे’ घालून पाहावी. वाक्य तसेच उभे राहते. ‘अति तेथे माती’ घातली तरी राहते. जे वाक्य कोणत्याही म्हणीला सारखेच सामावून घेते, त्यावरून मुलाला ती विशिष्ट म्हण समजली की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. याउलट एखादी मुलगी लिहिते, “बंडूला बेरीज जमली नाही तेव्हा तो म्हणाला की पेन्सिलच बोथट होती.” म्हण लिहायची ती विसरली, म्हणून तिचे गुण गेले. वस्तुतः म्हण समजली होती ती तिलाच. ही अदलाबदलीची कसोटी शिक्षकाने एकदा स्वतःच्याच तपासलेल्या उत्तरपत्रिकांना लावून पाहावी. पुष्कळ पूर्ण गुण पोकळ निघतील आणि काही शून्ये अन्यायाची ठरतील.

या गोंधळाचे मूळ अर्थाच्या ओळीत आहे. फळ्यावर डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ, आणि मुलांनी ते वहीत उतरवून पाठ करायचे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु अर्थाची ओळ जात्याच ढोबळ असते. ‘इकडे आड तिकडे विहीर’, ‘आगीतून फुफाट्यात’ आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ या तीन म्हणींचे अर्थ वहीत पाहावेत. पहिलीपुढे ‘दोन्ही बाजूंनी संकट’, दुसरीपुढे ‘एका संकटातून दुसऱ्या संकटात’, तिसरीपुढे ‘संकटात आणखी संकट’. तिन्ही ओळी बरोबर आहेत, परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात त्यांतून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ‘संकटे दोन’. परीक्षेत जोड्या लावताना तो शब्दांचा वास घेत जातो. ‘आणखी’ दिसले की तेरावा महिना, ‘बाजू’ दिसली की आड-विहीर. जोड्या जमतात, पण प्रसंग समोर आला की मूल गोंधळते.

म्हणून जोडी लावायची ती म्हण आणि अर्थ यांची नव्हे, तर म्हण आणि प्रसंग यांची. तेही दूरच्या म्हणी घेऊन नव्हे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आणि ‘चोराच्या उलट्या बोंबा’ यांत कोणाचाही घोटाळा होत नाही, त्यामुळे त्या एकत्र देऊन काही शिकवलेही जात नाही. एकमेकींना चिकटून असलेल्या दोन-तीन म्हणी घेतल्या, म्हणजेच मुलाला त्यांच्यामधली रेघ शोधावी लागते. वरील तीन म्हणींचा पाठ कसा होतो, ते एका सहावीच्या वर्गाच्या आधारे सविस्तर पाहू.

प्रसंगांकडे जाण्यापूर्वी म्हणींतील वस्तू मुलांसमोर उभ्या कराव्या लागतात. आजच्या मुलाने नळ पाहिला आहे, कूपनलिका पाहिली आहे. आड बहुधा पाहिलेला नाही. आड म्हणजे अरुंद तोंडाची, पायऱ्या नसलेली विहीर. तिच्यात दोर सोडून पोहऱ्याने पाणी शेंदायचे. म्हणजे एका अंगाला आड आणि दुसऱ्या अंगाला विहीर असली, तर माणूस कोणीकडेही सरकला तरी पडणारच. फुफाटा म्हणजे वरून निवलेली दिसणारी, पण आत धग धरून असलेली राख. काही भागांत उन्हाने तापलेल्या रस्त्यावरच्या धुळीलाही फुफाटा म्हणतात. आगीतून उडी मारणाऱ्याला राख सुरक्षित वाटते, आणि तिथेच पाय भाजतो. तेराव्या महिन्याचा खुलासा पंचांगातून करावा. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तो फरक साठत जातो आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना धरावा लागतो. २०२३ साली श्रावण अधिक आला होता. ज्या वर्षी धान्य आधीच अपुरे, त्याच वर्षी महिना वाढला, तर तेच कोठार बाराऐवजी तेरा महिने पुरवायचे! हे कळल्यावर त्या म्हणीतील कारुण्य मुलांना आपोआप जाणवते.

हा पाया वगळला तर काय होते, याचे उदाहरण ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीत मिळते. ‘झोपा’ हा शब्द ‘झोप’ या शब्दाशी जोडून अनेक मुले असे समजतात की बैल गेला आणि मालक निजला. म्हणीचा अर्थ त्यांच्या लेखी आळशीपणा असा होतो. झोपा म्हणजे गोठ्याचे दार, हे सांगताच सारे चित्र पालटते. मालक निजलेला नाही, तो कामालाच लागला आहे. फक्त वेळ टळून गेल्यावर. अशा जुन्या शब्दांबाबत शंका आल्यास दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हाताशी असावा. नाहीतर गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला विचारावे. पुष्कळदा दुसरा मार्गच अधिक लवकर फळतो.

आता वर्गाकडे वळू. शिक्षकाने जुन्या पुठ्ठ्यांच्या सात चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येकीवर तीन-चार ओळींचा एक प्रसंग होता. त्यात म्हणीतला एकही शब्द नव्हता आणि ‘संकट’ हा शब्दही नव्हता. फळ्यावर तीन म्हणी होत्या. चिठ्ठ्या मुद्दाम तिहींच्या प्रमाणात केल्या नव्हत्या. तीन म्हणी आणि तीन प्रसंग असले की दोन जुळताच तिसरी जोडी विचारावाचून लागते. सात प्रसंग असले, आणि त्यांतला एखादा कोणत्याच म्हणीचा नाही असे आधीच सांगितलेले असले, तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करणे भाग पडते.

पहिली चिठ्ठी अशी होती: काढलेला कांदा शेतात पडला आहे, आभाळ भरून आले आहे. आज विकावा तर भावात मजुरीसुद्धा निघत नाही. ठेवावा तर चाळ नाही, भिजून सडेल. दुसरी: मैत्रिणीच्या हातून घरातली बरणी फुटली. आई विचारते आहे. खरे सांगावे तर मैत्रीण दुखावते, न सांगावे तर आईशी खोटे बोलावे लागते. तिसरी: एस. टी.त फार गर्दी म्हणून एक कुटुंब खाली उतरले आणि जीपमध्ये बसले. ती जीप भर उन्हात माळावर बंद पडली. चौथी: एका सावकाराचे देणे फेडण्यासाठी शेतकऱ्याने दुसऱ्याकडून त्याहून जबर व्याजाने रक्कम घेतली. पाचवी: बापाचा पाय मोडल्यामुळे मजुरी बंद होती, त्यातच पावसाने घराची भिंत पडली. सहावी: परीक्षा आठवड्यावर आली असताना गणिताची वही हरवली होती, आणि मुलगा तापाने निजला. सातवी: सकाळी एका मुलाची सायकल पंक्चर झाली, दुपारी त्याचा डबा सांडला.

पाच-पाच मुलांचे गट करून चिठ्ठ्या वाटल्या. गटाने म्हण सांगावी एवढे पुरेसे नव्हते. ‘हीच का, आणि उरलेल्या दोन का नव्हेत,’ हेही सांगायचे होते. पाठाचा जीव याच दुसऱ्या प्रश्नात आहे.

कांद्याची चिठ्ठी सर्वांना जमली. जीपच्या चिठ्ठीवर मात्र एका गटाने ‘दुष्काळात तेरावा महिना’ ठरवले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, “गर्दीचा त्रास होताच, त्यात जीप बंद पडली.” शिक्षकाने ‘चूक’ असे म्हटले नाही. त्याने विचारले, “जीप बंद पडली तेव्हा गर्दीचा त्रास चालू होता का?” मुलगा जरा घोटाळला. “नाही गुरुजी, एस. टी. तर निघून गेली होती.” “मग दुष्काळ संपल्यावर तेरावा महिना आला, तर काय बिघडले?” वर्ग हसला, आणि रेघ सापडली. तेराव्या महिन्यात पहिले दुःख जागच्या जागी राहते आणि दुसरे त्याच्यावर चढते. फुफाट्यात पहिले मागे पडलेले असते. माणूस आपल्याच पायांनी दुसऱ्यात येतो. आड-विहिरीत अजून काहीच घडलेले नसते. माणूस मधे उभा असतो आणि त्याला पाऊल टाकायचे असते.

हा भेद मुलांना तत्त्व म्हणून सांगत बसू नये. मराठी भाषेनेच त्याच्या खुणा वाक्यांच्या घडणीत ठेवल्या आहेत, त्या हाती द्याव्यात. प्रसंग ‘आधीच… त्यात’ अशा वाक्यात नीट बसला तर तेरावा महिना. ‘सुटावे म्हणून… तर’ अशा वाक्यात बसला तर फुफाटा. ‘करावे तर… न करावे तर’ यात बसला तर आड-विहीर. त्या वर्गातील मुले पुढे प्रत्येक चिठ्ठी या तीन साच्यांत घालून मोठ्याने म्हणून पाहू लागली. जो साचा तोंडात अडकेल तो टाकायचा. “आधीच एस. टी.त गर्दी, त्यात जीप बंद” हे म्हणताना त्याच मुलाची जीभ अडखळली. मातृभाषा शिकवताना शिक्षकाला एक सोय असते, ती ही की मुलाच्या कानाला बरोबर-चूक आधीच ठाऊक असते. त्या कानाला फक्त कामाला लावायचे असते. ज्यांच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी वा दुसरी बोली आहे, त्यांनी साचा आपल्या बोलीत म्हणावा. त्याच वर्गात एकाने आड-विहिरीच्या जोडीला ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ ही म्हण घरून आणली. पुस्तकात नसली तरी ती त्याच साच्यातली आहे, हे त्याने स्वतःच ओळखले.

खरी कसोटी चौथ्या चिठ्ठीवर, सावकाराच्या प्रसंगावर लागली. शिक्षकाच्या उत्तरसूचीत ‘आगीतून फुफाट्यात’ होते. एक मुलगी ‘इकडे आड तिकडे विहीर’ यावर ठाम होती. “जुने देणे ठेवले तरी तो बुडणार, नवे घेतले तरी बुडणार,” असे तिचे म्हणणे. उत्तरसूचीप्रमाणे हे चूक होते, आणि पुष्कळ वर्गांत येथे लाल रेघ पडली असती. या शिक्षकाने तिला विचारले, “तू सांगतेस ती कोणत्या दिवसाची गोष्ट?” ती म्हणाली, “आदल्या रात्रीची. तो ओट्यावर बसून विचार करतो आहे ना, तेव्हाची.” तिचे अगदी बरोबर होते. रक्कम घेण्याच्या आदल्या रात्री तो माणूस आड आणि विहीर यांच्यामध्ये आहे. रक्कम घेतल्यावर तो फुफाट्यात आहे. मग एका मुलाने पुढे जोडले की त्याच साली पाऊस पडला नाही, तर तेरावा महिना. एकच कहाणी तीन वेळी थांबवली आणि तिला तीन म्हणी लागल्या. चिठ्ठीवर ‘रक्कम घेतली’ असे लिहिले होते, म्हणून उत्तरसूचीचे उत्तर टिकले. परंतु मुलीचे उत्तर चुकीचे नव्हते, ते आधीच्या क्षणाचे होते. म्हण प्रसंगाला लागते म्हणजे प्रसंगातील एका क्षणाला लागते, हे त्या दिवशी वर्गाला कळले, आणि कदाचित शिक्षकालाही. म्हणून मुलाचे उत्तर सूचीशी जुळले नाही तर चुकीची खूण करण्यापूर्वी त्याला त्याचा प्रसंग बोलून दाखवायला सांगावे.

सायकल आणि डबा यांच्या सातव्या चिठ्ठीवर बहुतेक गटांनी तेरावा महिना लावला होता. साचा लावला तेव्हा “आधीच सायकल पंक्चर, त्यात डबा सांडला” हे वाक्य तोंडात बसले, त्यामुळे वाद रंगला. शेवटी एकाने विचारले, “डबा सांडल्याने सायकलचे काय वाईट झाले?” दुसऱ्या गोष्टीने पहिली जड झाली पाहिजे; वही नसताना ताप आला की अभ्यास अधिकच बुडतो, तसे. येथे दोन त्रास शेजारी बसले आहेत एवढेच. तरीही काही मुलांना हे पटले नाही, आणि शिक्षकाने निकाल न देता चिठ्ठी बाजूला ठेवली. बोलताना मोठी माणसेही अशा वेळी तेरावा महिना म्हणून जातात, हे खरे आहे. म्हणीची कड सगळीकडे सारखी धारदार नसते.

प्रसंग निवडताना एक पथ्य पाळणे अवश्य आहे. सावकाराचा, मोडलेल्या पायाचा किंवा पडलेल्या भिंतीचा प्रसंग वर्गातल्या कोणत्या घराचा तर नाही ना, हे आधी मनात तपासून घ्यावे. गाव लहान असते. नाव न घेताही सर्वांच्या माना एका बाकाकडे वळतात. हेच म्हणींच्या निवडीलाही लागू आहे. जाती, स्त्रिया, विधवा, आंधळे-पांगळे यांच्यावर बेतलेल्या पुष्कळ म्हणी मराठीत आहेत. त्या कोशात राहतील. वर्गात जोडी लावण्यासाठी त्या घेऊ नयेत.

‘कोण म्हणेल?’ हा प्रश्नही प्रसंगाचाच भाग आहे. ‘दुष्काळात तेरावा महिना’ माणूस स्वतःच्या स्थितीबद्दल सहज म्हणतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ किंवा ‘गाढवाला गुळाची चव काय’ या म्हणी स्वतःबद्दल कोणी म्हणत नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडावर तर म्हणू नयेच. मुलाने “मी आजोबांना म्हणालो, गाढवाला गुळाची चव काय” असे वाक्य लिहिले, तर अर्थ बरोबर असूनही उपयोग चुकला आहे. अशा चुकीवर रागावण्यापेक्षा ‘हे आजोबा कुणाबद्दल म्हणू शकतील?’ असे विचारावे.

वाक्प्रचारांची रीत थोडी निराळी आहे. म्हण हे स्वतंत्र, तयार वाक्य असते. शेळी चोरीला गेली तरी म्हणायचे ते ‘बैल गेला नि झोपा केला’ असेच. वाक्प्रचार मात्र वाक्यात विरघळतो; त्याला काळ, वचन आणि प्रत्यय लागतात. म्हणून केवळ ‘कंबर कसणे’ पाठ करून भागत नाही. ‘गावकऱ्यांनी कंबर कसली’ हे तोंडात बसले पाहिजे, नाहीतर ‘गावकरी कंबर कसले’ असे वाक्य वहीत उतरते. ‘कानाडोळा करणे’ हा ‘कडे’ या शब्दयोगी अव्ययासकट शिकवावा: चुकीकडे कानाडोळा केला. येथेही जवळचेच घ्यावेत. ‘कानाडोळा करणे’ आणि ‘कानावर हात ठेवणे’ यांत मुले हटकून घसरतात. पाणवठ्यावर कोणी घाण टाकताना एकाने पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून तो पुढे गेला, हा कानाडोळा. नंतर चौकशीत तोच म्हणाला, “मला काहीच ठाऊक नाही,” तेव्हा त्याने कानावर हात ठेवले. पहिल्यात माणूस गप्प राहतो, दुसऱ्यात तो बोलतो. एवढी एक खूण दिली की पुरे. ‘कान टोचणे’ याचे वाक्य मागितले तर “सोनाराने बाळाचे कान टोचले” असे हमखास येते. ते खोटे नाही, पण तो वाक्प्रचार नव्हे. शब्दशः घेतले तर खरोखर सुई लागते का, एवढे विचारले की मूल स्वतःच वाक्य बदलते.

एका तासात तीनच म्हणी घेतल्या तर अभ्यासक्रम कसा पुरा व्हायचा, अशी शंका अनेक शिक्षकांस येईल. सगळ्या म्हणी या रीतीने शिकवाव्या लागत नाहीत. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ सारखी म्हण धड्यात आली की दोन मिनिटांत होते. जेथे दोन-तीन म्हणी एकमेकींच्या अंगाला लागतात, तेवढेच गट निवडावेत. वर्षभरात असे सात-आठ पुष्कळ झाले. चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. पंधरा दिवसांनी त्याच चिठ्ठ्या काढाव्यात, परंतु या वेळी फळ्यावर म्हणी लिहू नयेत. समोर यादी नसताना जे आठवते, तेच मुलाचे झालेले असते. लेखी परीक्षेत ‘वाक्यात उपयोग करा’ याऐवजी ‘ही म्हण शोभेल असा प्रसंग तीन ओळींत लिहा, त्यात म्हण लिहू नका’ असा प्रश्न घालावा. अदलाबदलीची कसोटी मग प्रश्नातच येऊन बसते.

वर सांगितलेल्या वर्गात तसाच प्रश्न दिला होता. आदल्या रात्रीचा मुद्दा काढणाऱ्या त्या मुलीने लिहिले, “उन्हाळ्यात रात्री घरात निजावे तर उकाडा, अंगणात निजावे तर डास. मी माळ्यावर जाऊन निजले, तर तिथे लाल मुंग्या.” शिक्षकाने खाली लिहिले, “दोन म्हणी झाल्या. तिसरी?” दुसऱ्या दिवशी वही परत आली. त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिले होते: “गुरुजी, मग वीज गेली.”